पिशवी कुणामुळं खपली

सुमैयाच्या हाताला अजून चुनखडीची पूड लागलेली होती. नीलम मॅडमनी तिला तशीच केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे फिरवला.

"तुला आलेख कळतात. सांग, काय दिसतंय?"

पडद्यावर एक निळी रेघ होती आणि ती चढत चालली होती.

कुरकुंभच्या एमआयडीसीत मोठ्या औषध कंपन्यांच्या मागच्या अंगाला नीलम मॅडमचा जनावरांच्या खनिज मिश्रणाचा लहानसा कारखाना होता. सासऱ्यांनी काढला, मॅडमनी वाढवला. पाच किलोची पिशवी, गाईच्या आंबोणातून, म्हणजे भिजवलेल्या पेंडीतून, रोज पन्नास ग्रॅम द्यायचं. कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त किती उतरलं ते तपासून बॅच बाहेर सोडायची की नाही हे सुमैया ठरवायची. एमएस्सी होऊन तिला दीड वर्ष झालं होतं. बॅच अडवली की गोदामातली माणसं तिच्यावर चिडायची, पण ती काही सोडायची नाही, म्हणून तिला 'पोलीस' म्हणत.

"विक्रमचं कूपन टाकून खपलेल्या पिशव्या आहेत ह्या," मॅडम म्हणाल्या. "त्याच्यावर एक रुपया घातला की पाच परत येतात. मेहमूदभाईंच्या फिरतीचं असं काही मला दाखवता येतं का? येत नाही. ते गावात जातात, चहा पितात, गाईच्या पाठीवरून हात फिरवतात. त्याचा आलेख कसा काढायचा?"

विक्रम केंदूरचा. कुरकुंभलाच एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या गोठ्यात उभा राहून रील करायचा. दोन लाखांवर लोक त्याला फॉलो करत होते. मॅडमनी त्याला दर पिशवीमागे कमिशन ठरवून दिलं होतं. डेअरीच्या माणसानं कंपनीच्या ॲपवर मागणी टाकताना विक्रमचं कूपन टाकलं, की शेतकऱ्याला दहा रुपये सूट आणि विक्रमच्या नावावर एक पिशवी.

"वर्षाचा करार करायचाय," मॅडम पुढे म्हणाल्या. "पैसा एकच आहे. त्याला द्यायचा तर फिरती बंद करावी लागेल."

फिरती म्हणजे मेहमूद मामू. सुमैयाच्या आईचा भाऊ. एकोणीस वर्षं मोटरसायकलवर दौंड आणि शिरूरची गावं पालथी घालणारा. सुमैयाला या कारखान्याचं दार दाखवलं तेही त्यानंच.

"हे आकडे तपासून मला लिहून दे. फायदा किती, धोका काय, पैसा खरंच परत येतो का."

"मॅडम, मेहमूदभाई माझे मामू आहेत."

"माहितीय मला. म्हणून तर तुला देते. दुसऱ्या कुणी त्यांच्या बाजूनं लिहिलं तर मी डोळे झाकून मानीन. तू लिहिलंस तर प्रत्येक आकडा दोनदा बघीन."

सुमैया प्रयोगशाळेत परत आली, हात धुतले आणि तिच्या लक्षात आलं, की आपण आत्ताच विक्रमवर संशय घ्यायला सुरुवात केलेली आहे. अजून त्याचं एक रीलही नीट बघितलेलं नव्हतं.

मग तिनं बघितली. सगळी.

पोरगा बोलायला गोड होता. कंपनीनं पैसे देऊन करून घेतलेल्या रीलमध्ये तो पिशवी छातीशी धरून सांगत होता, "आठ दिवसांत दोन लिटर दूध वाढणार म्हंजी वाढणार." सुमैयाच्या कपाळाला आठी पडली. खनिज मिश्रणाचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात, आणि तोही जनावराच्या अंगात खनिजं कमी असतील तर. पिशवीवरच्या छापील मजकुरात दोन लिटरचा शब्दही नव्हता. शिवाय ही जाहिरात आहे, पैसे घेऊन बोलतोय, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते सांगणं कायद्यानं सक्तीचं. उद्या कुणी तक्रार केली, तर दंड बोलणाऱ्यालाही आणि वदवून घेणाऱ्या कंपनीलाही.

खाली प्रतिक्रियांचा पाऊस. "एक नंबर भाऊ", "जय जवान", हात जोडलेली चित्रं. मधेच कुणीतरी, "महिना झाला, काय बी फरक न्हाई." त्याला उत्तर नव्हतं.

तिनं विक्रमला फोन लावला. तुमचे प्रेक्षक कुठले आहेत ते दिसतं, त्या पडद्याचे फोटो पाठवा म्हणाली. तिला वाटलं, टाळाटाळ करेल. फॉलोअर विकत घेतलेले असतील, तर तिथंच उघडं पडतं. पाच मिनिटांत त्यानं सगळे फोटो पाठवले, वर विचारलं, "अजून काय पायजे का मॅडम? कंपनी माझं कमिशन कमी तर मोजत न्हाई ना?"

म्हणजे संशय दोन्ही बाजूंनी होता.

फॉलोअर खरे निघाले, पण निम्म्याहून जास्त बीड, लातूर, सोलापूरकडचे, जिथं कंपनीची एक पिशवीही जात नव्हती. मग कूपनच्या पिशव्या कुठं खपत होत्या? तिनं ॲपमधून यादी काढली. जवळजवळ सगळ्या शिरूर तालुक्यात, आणि त्यातल्या बहुतेक एकट्या केंदूरच्या डेअरीत. विक्रमच्या स्वतःच्या गावात.

यानंतरची गोष्ट तिला फार आवडली, इतकी की आपल्याला ती आवडली आहे याचंच तिला थोडं भय वाटलं. मार्चमध्ये विक्रमचं खातं तीन आठवडे बंद पडलं होतं. कुणीतरी जळणाऱ्यानं खोट्या तक्रारी केल्या होत्या आणि खातं उघडेपर्यंत त्याचं एकही रील कुणाला दिसत नव्हतं. प्रयोगशाळेत याला नियंत्रण म्हणतात. औषध काढून घ्यायचं आणि बघायचं, फरक पडतो का. ठरवून केलं असतं तर असं जमलं नसतं.

त्या तीन आठवड्यांत केंदूरच्या कूपनची रेघ केसभरही खाली आलेली नव्हती.

रील नाही, आणि रीलमुळे खपलेल्या पिशव्या मात्र खपतच आहेत. सुमैयानं पेन खाली ठेवलं. पोरगा चोर आहे, डेअरीवाल्याशी संगनमत करून कमिशन खातो आहे. आता फक्त डोळ्यांनी बघायचं राहिलं.

"तू कशाला येतीस केंदूरला?" मामू म्हणाला. "मी काय भांडायला जात न्हाई. पोरगं बरंय ते."

"भांडायला नाही मामू. बघायला."

"बघायला म्हंजी पोलिसागत बघायला."

तरी तो निघाला. चौफुल्याहून वळून पारगावपाशी भीमा ओलांडली, न्हावरा, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, आणि दूध घालायच्या वेळेला दोघं केंदूरच्या डेअरीवर पोचले. मामूला सगळेच ओळखत होते. "या मामू, लई दिसांनी," असं म्हणत कुणी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, कुणी चहाला पाठवलं. सुमैया कोपऱ्यात फॅटच्या मशीनपाशी उभी राहिली.

डेअरीचे सचिव सर्जेराव आप्पा सत्तरीकडे झुकलेले. एका हातानं दुधाचा काटा, दुसऱ्या हातानं मोबाईल. दूध घातलं की लोक तिथूनच पेंड, मिश्रण घेऊन जायचे. पैसे दहा दिवसांनी दुधाच्या बिलातून कापले जायचे. रोख कुणी देत नव्हतं, त्यामुळे काय घेतलं आणि कितीला, ते आप्पाच बघायचे.

झुंबरबाई नावाची एक म्हातारी आली. "आप्पा, गाईची पिशवी द्या एक."

आप्पांनी पिशवी सरकवली, मोबाईलवर बोट फिरवलं, कूपनच्या चौकोनात विक्रमचं नाव टाकलं. बाईनं कूपन मागितलं नव्हतं. बाईच्या हातात साधा बटणांचा फोन होता.

त्यानंतर एकजण आला, त्याचंही तसंच. आणखी एकाचंही तसंच.

सुमैया पुढे झाली. "आप्पा, तुम्ही सगळ्यांनाच विक्रमचं कूपन लावता का?"

"मग?" आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "दहा रुपये सुटत्यात. ते काय ओढ्यात टाकू?"

"पण ज्यांनी त्याचं रील बघितलं, त्यांच्यासाठी आहे ते."

"ज्यांनी न्हाई बघितलं त्यांनी काय पाप केलं? आन् पोरगं आपल्या गावचंय. त्याच्या नावावर चार पैसे पडत्यात तर पडू द्या की. लग्नात आहेर करताना आपण बघतो का, नवरा कामाचाय का न्हाई ते?"

बाकावरची माणसं हसली. एकजण म्हणाला, "आप्पा तर खाली मान घालून विक्रमचंच नाव टाकत्यात. आमचं नाव इसरतील, पर त्याचं न्हाई."

"तुझं नाव घेण्यासारखं तू काय केलंस?" आप्पा म्हणाले.

सुमैयानं विचारलं, "हे विक्रमना माहितीय?"

"त्याला कशाला सांगायचं? मदत करून सांगत्यात व्हय कुणी?"

"आणि कूपन यायच्या आधी पिशव्या कोण घ्यायचं?"

"हीच माणसं," आप्पांनी हनुवटीनं मामूकडे दाखवलं. "ह्या मामूनं लावलेलं गिऱ्हाईक. धा वर्षं झाली. एक जास्त न्हाई, एक कमी न्हाई."

इतका वेळ दारात कुणीतरी कॅन घेऊन उभं आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तो विक्रम होता. रीलमध्ये दिसतो त्यापेक्षा बारीक, अंगावर केमिकल कंपनीचा निळा शर्ट तसाच. त्यानं कॅन खाली ठेवला.

"आप्पा, सगळ्याच?" तो म्हणाला.

आप्पा काट्याकडे वळले. काट्यावरचा आकडा वाचत राहिले.

"मी राजीनामा लिहून ठेवलाय," विक्रम म्हणाला, सुमैयाकडे बघून, जणू तिनंच तो लिहून घेतला होता. "कंपनीत द्यायचा होता सोमवारी. रोजच्या एवढ्या पिशव्या माझ्यामुळं जात्यात म्हणल्यावर म्हणलं, शिफ्ट कशाला मारायची. मॅडम, मी कुणाला सांगितलं नव्हतं असं करा म्हणून."

"माहितीय," सुमैया म्हणाली. आणि तिला खरंच माहीत होतं. गेले काही दिवस ज्या चोराला ती शोधत होती तो तिथं नव्हताच. एक गाव होतं, पोराला आहेर करत बसलेलं.

"त्या दोन लिटरचं बोलणं तुमचं का?" तिनं जाता जाता विचारलं.

"माझं कसलं? तुमच्याच ऑफिसातनं लिहून आलंवतं. मी म्हणलं, एवढं न्हाई वाढत. तर म्हणाले, बोला तुम्ही, एवढं चालतं."

परतीच्या वाटेवर सुमैया मामूच्या मागे बसून मनात वाक्यं जुळवत होती. कूपन रीलचा परिणाम मोजत नाही, आप्पांची माया मोजतं. ज्या पिशव्या तशाही खपणारच होत्या, त्यांच्यावर कंपनी सूटही देते आणि कमिशनही. पाचपट म्हणतात तो विक्रीचा आकडा. नफा धरला तर केंदुरात कंपनी घरचं घालवते आहे. वर खोट्या दाव्याचा धोका. सगळं स्वच्छ होतं. मामूची फिरती वाचली होती.

"काय गं, गप का?" मामू वाऱ्यावरून ओरडला.

"काही नाही मामू. चांगलं झालं."

अहवाल जवळजवळ लिहून झाला होता, तेव्हा तिनं एक शेवटचं चित्र काढायला घेतलं. खरं तर गरज नव्हती. पण कुठलीही बॅच एका नमुन्यावर सोडायची नाही ही सवय हाताला लागलेली, आणि मॅडम प्रत्येक आकडा दोनदा बघणार होत्या. दौंडकडच्या दुकानांत ॲप नव्हतं. ते घाऊक वितरकाला फोन करून माल मागवायचे. कूपन नाही म्हणून त्या सगळ्या पिशव्या आपोआप फिरतीच्या, म्हणजे मामूच्या नावावर धरल्या जायच्या. आणि दौंडची विक्री गेल्या सहा महिन्यांत चांगली वाढली होती. अहवालाचा शेवट मामूच्या या वाढीनं करायचा, असं तिच्या मनात होतं.

तिनं दौंडची रेघ काढली, आणि मार्च आला तिथं तिचा हात थांबला.

रेघ खाली गेली होती. नेमकी त्या तीन आठवड्यांत. विक्रमचं खातं उघडलं, आणि रेघ पुन्हा वर.

तिनं आधी दुकानं तपासली. माल संपला असेल. नव्हता संपला. भाव वाढले असतील. नव्हते वाढले. मग तिला एकदम आठवलं. मार्चमध्ये रोजे होते. पहाटे सहेरी, दिवसभर पाणीही नाही, डोक्यावर ऊन. मामू त्या दिवसांत कमी फिरला असणार. फिरती कमी, म्हणून विक्री कमी. म्हणजे दौंडची विक्री फिरतीमुळेच होते याचा हा उलट पुरावाच झाला.

फक्त मामूकडून एवढं वदवून घ्यायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो भांडगावला निघाला तेव्हा ती सोबत गेली. हायवेच्या कडेला रसवंतीपाशी गाडी लावून मामूनं तोंडावर पाणी मारलं.

"मामू, रोज्यांत फिरती बरीच कमी झाली असेल ना?" तिनं विचारलं. प्रश्न विचारतानाच तिला कळत होतं, की आपण उत्तर घालून प्रश्न विचारतो आहोत.

मामूनं रुमालानं मान पुसली. "कोण म्हणतं? एक दिवस चुकवला न्हाई मी. एकोणीस वर्षांत रोज्याच्या नावाखाली सुट्टी घेतली न्हाई. उलट दुपारी जेवायचं नसतंय, तर दोन गावं जास्तच व्हायची. बघ तुझ्या त्या मोबाईलवर, गाडी कुठं कुठं गेली ते दिसतंय म्हणं."

दिसत होतं. तिनं बघितलं. मामूच्या फोनवरचं हजेरीचं ॲप मार्चभर गावोगाव ठिपके टाकत गेलं होतं, एकही दिवस मोकळा न सोडता. मामू अभिमानानं तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि हिचा चेहरा का उतरला ते त्याला कळत नव्हतं.

"बघ," तो म्हणाला. "लिही तुझ्या त्या अहवालात."

भांडगावात शेवंताबाईंचा गोठा होता. चार गाई. कंपनीच्या नव्या गिऱ्हाइकांत त्यांचं नाव वरचं होतं, आणि मामूनं लावलेलं म्हणून. शेवंताबाई शेणाचे हात झाडत बाहेर आल्या. सुमैयानं इकडचं तिकडचं विचारून मग सरळ विचारलं, "मावशी, ही पिशवी घ्यायचं कशावरनं ठरवलं?"

"कशावरनं म्हंजी? ही कपिला बघा, माती चाटायची, चपला चावायची. दोरी खाल्लीन् एकदा. मला वाटलं भानामती. मग सुनंनं मोबाईलवर त्या पोराचं दाखवलं. केंदूरचं हाय बघा, गोठ्यात उभं राहून बोलतंय. ते म्हणलं, गाय माती खाती म्हंजी तिच्या अंगात काहीतरी कमी हाय, तिला मारू नका. मग दुकानात जाऊन आणली."

सुमैयाला ते रील आठवलं. त्यात पिशवी नव्हती, कूपन नव्हतं, कंपनीचं नावही नव्हतं. पैसे न घेता, स्वतःच्या गाईचं तोंड उघडून दाखवत विक्रमनं सांगितलं होतं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. तिनं ते बघितलं होतं आणि जाहिरात नाही म्हणून बाजूला ठेवलं होतं.

"म्हणजे मामूंनी नाही सांगितलं?"

"मामा नंतर आले की. मी तवाच त्यास्नी रील दाखवलं. व्हय का न्हाई मामा?"

मामू गाईच्या पाठीवरून हात फिरवत होता. तो फिरवतच राहिला.

दोघं पुन्हा रस्त्याला लागले. मग गाडीचा वेग कमी करून मामू म्हणाला, "एकटीच न्हाई ती. बरीच हायती तशी. मी काय कुणाला सांगाया गेलो न्हाई, ही माझी म्हणून. ऑफिसात आपोआप माझ्या नावावर लागायचं. मी नुसतं गप बसलो."

केंदुरात ज्या पिशव्या मामूच्या होत्या त्या विक्रमच्या नावावर पडत होत्या. दौंडात विक्रमच्या होत्या त्या मामूच्या नावावर. दोघांनाही कुणी काही विचारलं नव्हतं.

"तू लिहिणार व्हय हे?" मामूनं विचारलं.

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि गाडीचा वेग वाढवला.

अहवाल तिनं पुन्हा पहिल्यापासून लिहिला. पहिल्या ओळीत मामूचं आणि तिचं नातं. मग कूपन, मग मार्चचे तीन आठवडे, दोन्ही रेघा एकीखाली एक. रील चालतं, तिनं लिहिलं, पण जे आपण विकत घेतलं ते नव्हे. कमिशन पिशवीमागे द्यायचं बंद करावं, व्हिडिओमागे ठरवून द्यावं, म्हणजे कूपन कुणी कुठं टाकलं यावर कुणाचं पोट अवलंबून राहणार नाही. 'जाहिरात' हा शब्द दिसेल असा लिहावा. दोन लिटरचं रील आजच्या आज उतरवावं. दर काही महिन्यांनी थोडे दिवस मुद्दाम काहीच टाकू नये आणि विक्री बघावी. आणि तरीही, तिनं शेवटी लिहिलं, तीन आठवड्यांची एक उतरती रेघ म्हणजे एकच नमुना आहे. तेवढ्यावर मी बॅच सोडणार नाही.

नीलम मॅडमनी वाचलं. दोन लिटरच्या ओळीपाशी त्या थांबल्या, मग त्यांनी पान उलटलं. ते वाक्य मॅडमच्याच ऑफिसातून लिहून गेलं होतं हे दोघींनाही ठाऊक होतं.

"म्हणजे मेहमूदभाईंची गरज नाही, असंच ना?"

"तसं मी लिहिलेलं नाही, मॅडम. पहिली पिशवी रीलमुळं जाते. गुण यायला दोन महिने लागतात, चार गाईंची पिशवी महिन्याभरात संपते, आणि मग दुसरी पिशवी कुणामुळं जाते, ते आपण कधी मोजलेलंच नाही. केंदुरात दहा वर्षं तीच माणसं घेतात, ते कुणामुळं?"

"आणि मोजल्यावर ती पण त्या पोरामुळंच निघाली तर?"

"तर तसं लिहीन."

मॅडमनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. "आकडे दोनदा बघितले मी," त्या म्हणाल्या. "बरोबर आहेत. करार वर्षाचा नको, दिवाळीपर्यंतचा. फिरतीही दिवाळीपर्यंत. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, कुणामुळं आलात. पहिल्या पिशवीला आणि दुसरीलाही."

"लोक तोंडाला येईल ते सांगतात, मॅडम. नुसतं विचारून..."

"माहितीय. तरी विचार. आणि मेहमूदभाई फिरतीवर आहेतच, तर दौंडकडचं त्यांनाच विचारू दे."

ज्याची नोकरी पणाला लागलेली त्यालाच मोजायला बसवायचं. सुमैयाला हे मुळीच पटलं नाही. पण मॅडम पुढच्या कामाला लागल्या होत्या.

विक्रमनं राजीनामा दिला नाही. केंदुरात आप्पांनी कूपन टाकणं थांबवलं, आणि विक्रमशी दोन दिवस बोलणंही.

संध्याकाळी मामूचा फोन यायला लागला. बोलणं थोडक्यात. आज भांडगावच्या दुकानात दोन, दोन्ही पोराच्या. आज एकच, पोराची. कालच्यासारखंच. कधी आवाजात राग नाही, कधी कुरबूर नाही. सुमैया आकडे उतरवून घ्यायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसायची. रोज सगळ्याच पोराच्या? आकडे इतके स्वच्छ यायला लागले की प्रयोगशाळेत कुठं चुकलं ते शोधायला आधी भांडं तपासतात.

"आज तीन," एके दिवशी मामू म्हणाला. "दोन नव्या, एक दुसऱ्यांदा घेणारी. तिन्ही त्याच्याच."

"नक्की विचारलंत ना, मामू?"

"विचारलं की."

तिनं फोन ठेवला. मग, आपण काय करतो आहोत हे नीट माहीत असूनही, तिनं दुकानदाराला फोन लावला.

"तीन न्हाई, चार गेल्या आज," दुकानदार म्हणाला. "चौथी गीताबाईंची. दुसरी पिशवी होती. त्या तर सोडणारच होत्या, महिन्यात काय गुण न्हाई म्हणून. मामू गेल्या महिन्यात त्यांच्या गोठ्यावर तासभर बसून आले, अजून एक महिना द्या म्हणले. आज आल्या त्या मामूंचंच नाव घेत."

"मग मामूंनी चौथी का नाही सांगितली?"

"मी म्हणलं त्यास्नी. तर म्हणले, ती राहू दे. माझी मीच कशी मोजू."

"असं आधी कधी झालंय?"

दुकानदार जरा घुटमळला. "झालंय की. मोजून न्हाई ठेवलं मी."

सुमैयानं वही पुढे ओढली. आतापर्यंतचे सगळे आकडे तिला पुन्हा तपासावे लागणार होते. मामूनं एकही खोटी पिशवी घातलेली नव्हती आणि तरीही सगळा हिशेब चुकलेला होता. तिनं तीनवर काट मारून चार लिहिलं, चौथीपुढे मामूचं नाव घातलं. मग उद्यापासून दौंडकडच्या दुकानांत मोजायला दुसरं कुणीतरी द्यावं म्हणून मॅडमना निरोप लिहायला घेतला. कारणाच्या जागी काय लिहावं, हे तिला लवकर सुचेना.